भागाकाराची बाकी

टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पकडलेली १२ व्होल्टची एक छोटी गिअर मोटार, तिच्या दांड्यावर एक चाक. चाकाने मिनिटाला १३६ फेरे घ्यावेत असं प्रोग्रॅममध्ये सांगितलं होतं, आणि ते १२३ फेरे घेत होतं. आचके नाहीत, थरथर नाही, आवाज अगदी एकसुरी. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली, आकडा तिथेच. पीआयडी ही पद्धत वापरायची ती मुख्यतः एका गुणासाठी: वेगातली चूक शून्यावर येईपर्यंत ती स्वस्थ बसत नाही. इथे दहा टक्के चूक डोळ्यांसमोर होती आणि प्रोग्रॅम खुशाल स्वस्थ बसला होता. मी वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, एन्कोडर बदलला. दोष शेवटी एका भागाकारात सापडला. हे प्रकरण त्या भागाकाराचं आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. मायक्रोकंट्रोलर म्हणजे आर्डुइनो उनोवर असते ती ॲटमेगा ३२८पी चिप: ८ बिटांची, १६ मेगाहर्ट्‌झवर चालणारी. तिला पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार येतो. दशांश चिन्हाची संख्या तिला हार्डवेअरमध्ये ठाऊकच नाही. मोटारीच्या मागच्या टोकाला चुंबकी एन्कोडर आहे. मोटारीच्या एका फेऱ्यात तो दोन तारांवर ११-११ पल्स देतो, आणि दोन्ही तारांवरचा प्रत्येक चढ-उतार मोजला की फेऱ्यामागे ४४ काउंट मिळतात. पुढे गिअरबॉक्स ३०:१ चा. मोटार जास्तीत जास्त मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला ४४०० काउंट. आपण दर १० मिलिसेकंदांनी मोजणार, तेव्हा पूर्ण वेगाला एका मोजणीत ४४ काउंट येतील. चाकाचे १३६ फेरे म्हणजे मोजणीमागे ३० काउंट, आणि १२३ फेरे म्हणजे २७. यापुढे वेग या काउंटमध्येच सांगतो. चिपला फेरे कळत नाहीत, काउंट कळतात.

मोटारीला शक्ती द्यायची ती पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून. सेकंदाला २०,००० वेळा हे केलं की मोटारीची शिट्टी ऐकू येत नाही. १६ मेगाहर्ट्‌झला २०,००० ने भागलं की ८०० येतात, म्हणून शक्तीचा आकडा ० ते ७९९ यांच्यामध्ये राहील. या मोटारीचं चाक ९० च्या खाली हलतच नाही. त्यापुढे साधारण १६ पायऱ्यांमागे वेग एका काउंटने वाढतो. म्हणजे ३० काउंटसाठी ५७० च्या आसपास शक्ती लागते, आणि चाकावर भार आला की त्याहून जास्त.

आता पीआयडी. हवा तो वेग वजा आहे तो वेग म्हणजे चूक. या चुकीवरून शक्ती तीन भागांत ठरते. पहिला भाग आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात. दुसरा आजवरच्या सगळ्या चुकांच्या बेरजेच्या प्रमाणात. तिसरा वेग किती झपाट्याने बदलतोय त्यावर. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या सुकाणूसाठी हे गणित मांडलं, ते कसलेला सुकाणूवाला काय करतो ते पाहून. पहिला भाग एकटा पुरत नाही, कारण चूक शून्य झाली की तो शक्तीही शून्य करतो. मोटार ३० वर फिरती ठेवायला तर ५७० शक्ती सतत लागते. ती साठवून ठेवणारा भाग दुसरा, बेरजेचा. चूक शिल्लक आहे तोवर बेरीज वाढत राहते, आणि चूक संपली की बेरीज जिथल्या तिथे थांबते, पण शक्ती देत राहते. म्हणून या प्रकरणात त्याच्यावर सगळ्यात जास्त लक्ष.

पहिल्या भागाचा गुणक ४.५ ठेवू आणि दुसऱ्याचा ०.३. म्हणजे चूक एका काउंटची असेल तर पहिला भाग साडेचार पायऱ्या शक्ती देतो आणि दुसरा दर मोजणीला ०.३ पायरी साठ्यात टाकतो. हे गुणक मवाळ आहेत. मोटार ३० जवळ यायला दोनेक सेकंद घेते, पण पुढे-मागे डुलत नाही.

हे दशांश चिपला कसे सांगायचे? `float` वापरता येतं, आणि १० मिलिसेकंदांत ही चिप ते गणित आरामात उरकते. एका गुणाकाराला शे-दीडशे क्लॉक लागतील, इतकंच. पण त्याची लायब्ररी प्रोग्रॅमची जागा खाते. तीच मोटार चालवायला ॲटटायनी १३ सारखी चिप घेतली तर तिच्यात प्रोग्रॅमला जागाच १ किलोबाइट. आणि मोजणी दहापट वेगाने करायची झाली की ते शे-दीडशे क्लॉकही जाणवू लागतात. शिवाय या कामाला दशांशाची गरजच नाही. दुकानदार सव्वातीन रुपये मनातल्या मनात ३२५ पैसे धरतो आणि सगळा हिशोब पैशांत करून शेवटी रुपये सांगतो. आपणही एका पायरीचे २५६ पैसे करू. शंभर न घेता २५६ घ्यायचे, कारण २५६ ने भागणं म्हणजे संख्या आठ बिट उजवीकडे सरकवणं, आणि ८ बिटांच्या चिपमध्ये तर फक्त शेवटचा बाइट सोडून देणं. ४.५ चे ११५२ झाले. ०.३ चे ७६.८, म्हणजे ७७. गुणकात हजारात तीनाची तफावत पडली. तिने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे.

मी पहिल्यांदा लिहिलेली ओळ अशी होती:

```c
sum += (77 * e) / 256;
```

वाचायला अगदी बरोबर वाटते. चुकीला गुणकाने गुणलं, पैशांचे रुपये केले, बेरजेत टाकले. आता चूक ३ काउंटची आहे असं धरा. ७७ × ३ = २३१. त्याला २५६ ने भागलं की पूर्णांकात भागाकार ० आणि बाकी २३१. बेरजेत शून्य पडलं आणि २३१ ची बाकी हवेत विरली. पुढच्या मोजणीला पुन्हा चूक ३, पुन्हा २३१, पुन्हा शून्य. चूक ४ असती तर ३०८ भागिले २५६, म्हणजे १ मिळाला असता आणि बेरीज हलली असती. म्हणून मोटार २६ वरून २७ पर्यंत चढते आणि २७ वर चढाई कायमची थांबते. ३० मधून ३ गेले २७, आणि २७ काउंट म्हणजे चाकाचे १२३ फेरे. मला दिसत होता तो आकडा अगदी हाच.

इलाज एका ओळीचा आहे. भागाकार बेरजेच्या आधी करायचा नाही, नंतर करायचा. साठा पैशांतच ठेवायचा आणि शक्ती द्यायच्या क्षणी तेवढ्यापुरते रुपये करायचे. साठ्याला हात लावायचा नाही. वहीचं पान भरलं की हिशोबनीस शिल्लक पुढच्या पानावर ओढतो, ती पुसत नाही, तसं. चूक ३ असताना साठा दर मोजणीला २३१ ने वाढतो: २३१, ४६२, ६९३, ९२४. यांचे रुपये अनुक्रमे ०, १, २, ३. पहिल्या मोजणीला काहीच दिसलं नाही, पण बाकी जागेवर होती. दुसऱ्या मोजणीला तिने पायरी गाठली. एका सेकंदात, म्हणजे शंभर मोजण्यांत, २३,१०० पैसे जमतात आणि शक्ती ९० पायऱ्यांनी वाढते. जुन्या ओळीने त्याच एका सेकंदात शून्य पायऱ्या दिल्या असत्या.

```c
#define KP  1152
#define KI  77
#define ACC_MAX (799L << 8)

static uint16_t last;
static int32_t  acc;

int16_t pi_step(int16_t target, uint16_t now)
{
    int16_t speed = (int16_t)(now - last);
    last = now;
    int16_t e = target - speed;

    acc += (int32_t)KI * e;
    if (acc > ACC_MAX) acc = ACC_MAX;
    if (acc < 0)       acc = 0;

    int32_t u = ((int32_t)KP * e + acc) >> 8;
    if (u > 799) u = 799;
    if (u < 0)   u = 0;
    return (int16_t)u;
}
```

सरकवणं फक्त एकदा आहे, शेवटी. तिथेही अपूर्णांक सांडतोच, पायरीच्या एका हिश्शापर्यंत. पण तो सांडल्याने नुकसान होत नाही, कारण तो `acc` मधून वजा झालेला नाही. बाकी साठ्यात शिरण्याआधी टाकली की चूक कायमची राहते. साठ्यातून बाहेर पडताना टाकली तर साठाच ती पुढे भरून काढतो.

भागाकाराऐवजी सरकवणं वापरताना एक फरक ध्यानात ठेवायला हवा. सी भाषेत −२३१ ला २५६ ने भागलं की उत्तर ० येतं, कारण भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो. तीच संख्या आठ बिट सरकवली की जीसीसी कंपायलरमध्ये उत्तर −१ येतं, कारण सरकवणं नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं. −१ सरकवला तरी −१ च. माझ्या जुन्या ओळीत कुणी `/ 256` च्या जागी `>> 8` लिहिलं असतं तर गंमतीचा नव्हे, त्रासाचा प्रकार झाला असता. मोटार मंद असताना तीन काउंटपर्यंतच्या चुकीला बेरीज ढिम्म हलत नाही, पण वेग एका काउंटने जरी जास्त झाला की प्रत्येक मोजणीला एक पायरी उतरते. मोजणीत एखाद-दुसऱ्या काउंटचा हेलकावा तर असतोच. दर हेलकाव्याला शक्ती थोडी घसरते आणि परत चढत नाही. भार असो वा नसो, वेग नेहमी खालच्याच अंगाला चिकटलेला दिसला की संशय इथे घ्यावा.

आता `(int32_t)` कडे पाहू. ते शोभेसाठी नाही. या चिपवर `int` १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच. ११५२ ला २८ ने गुणलं तर ३२,२५६ येतात आणि मावतात. २९ ने गुणलं तर ३३,४०८ होतात आणि मावत नाहीत. सी भाषेच्या नियमाने असं उतू गेल्यावर काहीही होऊ शकतं. या चिपवर बहुधा ती संख्या उलटून −३२,१२८ होते. म्हणून वेग २० मागितला तर सगळं सुरळीत, २८ मागितला तरी सुरळीत. ३० मागितला की पहिला भाग १३५ पायऱ्या पुढे द्यायच्या ऐवजी १२१ मागे खेचतो. मोटार पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ गप्प बसते. तेवढ्यात दुसऱ्या भागाचा साठा वाढून तिला कसंबसं ढकलतो. वेग २ झाला की चूक २८ वर येते, गुणाकार अचानक मावू लागतो, आणि शक्ती एका फटक्यात अडीचशे पायऱ्यांनी उडी मारते. सुरुवातीला मुकाट बसून मग दणका देणारी मोटार पाहिली की लोक गिअरबॉक्समध्ये अडकलेला कचरा शोधतात. आधी छोटा वेग मागून पाहा. छोट्या वेगाला दोष दिसला नाही आणि ठरावीक आकड्यापुढेच दिसला, तर गिअरबॉक्स उघडू नका. तोच प्रोग्रॅम संगणकावर तपासला असेल तर त्याचा भरवसा धरू नका, तिथे `int` ३२ बिटांचा असतो आणि उत्तर बरोबरच येतं.

`799L` मधला एल सुद्धा त्याचसाठी. तो गळला तर ७९९ चं सरकवणं १६ बिटांत होतं आणि कमाल मर्यादा २,०४,५४४ ऐवजी ७,९३६ ठरते, म्हणजे जेमतेम ३१ पायऱ्या. आपली मोटार ९० च्या खाली हलत नाही. ३० काउंट मागितले तरी ती लंगडतच चालेल, आणि १० मागितले तर हलणारच नाही. कंपायलर याची सूचना देतो. सूचना वाचा.

ही मर्यादा कशाला लागते ते चाक हाताने धरून कळतं. बॅटरीला झेपेल अशा बेताने, मोटार तापायच्या आत, चाक दहा सेकंद अडवून धरलं असं समजा. चूक ३०, दर मोजणीला साठ्यात नऊ पायऱ्यांची भर, दहा सेकंदांत ९००० हून जास्त. शक्ती तर ७९९ च्या वर जाऊच शकत नाही, मग हा साठा निव्वळ कागदोपत्री. चाक सोडलं की मोटार ४४ पर्यंत धावते. आता चूक −१४ आहे आणि साठा दर मोजणीला फक्त चार पायऱ्यांनी उतरतो. हिशोब केला तर वीस सेकंदांहून जास्त वेळ मोटार पूर्ण वेगात सुटलेली राहते. `acc` ला ७९९ पायऱ्यांवर अडवलं की हीच मोटार लगेच सावरू लागते. ३२ बिटांत साठा उतू गेला नसता हे खरं, पण उतू न जाणं आणि कामाचं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

उतू जाणं एका ठिकाणी मात्र आपल्या बाजूने उभं राहतं. एन्कोडरचा मोजक १६ बिटांचा, चिन्हाशिवायचा. ६५,५३५ नंतर तो ० वर येतो. मागची मोजणी ६५,५३० आणि आताची २० असेल तर साध्या वजाबाकीने मोठा ऋण आकडा यावा. पण चिन्हाशिवायच्या १६ बिटांत ती वजाबाकी २६ देते, आणि २६ च बरोबर उत्तर आहे. म्हणून मोजक कधी शून्यावर आणायचा नाही, फक्त फरक घ्यायचा. शून्यावर आणताना नेमका तेव्हाच आलेला काउंट हरवतो. मोजक वाचताना मात्र क्षणभर इंटरप्ट बंद करा. ८ बिटांची चिप तो दोन तुकड्यांत वाचते. मोजक २५५ असताना खालचा बाइट वाचून झाला, मध्येच एक काउंट येऊन तो २५६ झाला, आणि मग वरचा बाइट वाचला, तर हातात ५११ पडतात. वेगाच्या नोंदीत मधूनच २५६ च्या आसपासचा खोटा उंचवटा दिसला तर कारण हे.

काउंट हरवू नयेत यावर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. १० मिलिसेकंदांत ३० काउंट म्हणजे मोजमाप फार ओबडधोबड. एक काउंट इकडे-तिकडे झाला की चाकाच्या वेगात मिनिटाला साडेचार फेऱ्यांचा फरक दिसतो. यावरून वेग अचूक कसा राहायचा? तर एका मोजणीत अर्धा राहिलेला काउंट पुढच्या मोजणीत आपोआप येतो. एन्कोडरही आपली बाकी पुढे ओढतो. आपला साठा म्हणजे ७७ गुणिले आजवरच्या चुकांची बेरीज, आणि चुकांची बेरीज म्हणजे यायला हवे होते ते काउंट वजा आलेले काउंट. साठा मर्यादेला टेकला नाही तोवर या वहीत एकही काउंट गहाळ होत नाही. क्षणाक्षणाचा वेग २९, ३१, ३० असा हलत राहील, सरासरी मात्र नेमकी ३० वर येते. `float` वापरून याहून बरं काही हाती लागलं नसतं.

तिसरा भाग, वेगाच्या बदलाचा, वरच्या प्रोग्रॅममध्ये नाही, आणि तो मी मुद्दाम गाळला आहे. सलग दोन मोजण्यांतला फरक इथे −१, ० किंवा १ असा येतो आणि त्यातला बराचसा निव्वळ मोजमापाचा हेलकावा असतो. गुणक १० ठेवला तर मोटारीला दर १० मिलिसेकंदांनी दहा पायऱ्यांचा धक्का बसेल आणि गिअर करकरतील. फेऱ्यामागे हजारो काउंट देणारा एन्कोडर असेल तर तो भाग घाला, आणि फरक चुकीचा न घेता मोजलेल्या वेगाचा घ्या, म्हणजे हवा तो वेग बदलताना उगाच झटका बसणार नाही.

शेवटी ही परीक्षा करून पाहा. मोटार ३० वर स्थिरावली की `pi_step` च्या पुढच्या ६००० फेऱ्यांत आलेले सगळे काउंट एका ३२ बिटांच्या बेरजेत जमवा. मिनिट घड्याळाने मोजू नका, उनोवर या चिपला क्वार्ट्‌झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि तो तितका अचूक नाही. बेरीज १,८०,००० च्या शंभरेक काउंट अलीकडे-पलीकडे यायला हवी. जो फरक पडेल त्याला ७७ ने गुणा. तेवढाच फरक सुरुवातीच्या आणि शेवटच्या `acc` मध्ये दिसेल, एका पैशाचाही कमी-जास्त नाही.